चाळीस टक्के कशाचे?

आमच्या बी.ई.च्या प्रोजेक्ट रिपोर्टच्या सारांशात शेवटचं वाक्य होतं की या यंत्रणेमुळे पाण्याची ४० टक्के बचत होते. ते वाक्य मी लिहिलं होतं. ग्रुपमधल्या बाकी तिघांनी ते वाचलं, गाईड सरांनी वाचलं, सह्या झाल्या, रिपोर्ट काळ्या पुठ्ठ्यात बांधून आला. व्हायव्हाला बाहेरून आलेल्या परीक्षक मॅडमनी पहिला प्रश्न त्याच वाक्यावर विचारला आणि आमच्या चौघांपैकी एकालाही उत्तर देता आलं नाही. आता मी शिकवते आणि उन्हाळ्यात दुसऱ्या कॉलेजांत एक्स्टर्नल म्हणून जाते. त्या टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसल्यावर आमचं नेमकं काय चुकलं ते मला दिसतं. तेव्हा मात्र आम्ही सगळं खापर नशिबावर आणि जेवणानंतरच्या स्लॉटवर फोडलं होतं.

प्रोजेक्ट होता ठिबक सिंचन आपोआप चालू-बंद करण्याचा. मातीत खुपसायचा कपॅसिटिव्ह सेन्सर, ईएसपी३२ बोर्ड, एक रिले, त्यावर छोटा पंप, आणि फोनवर ओलाव्याचा आकडा. ओलावा ४० टक्क्यांखाली गेला की पंप चालू, वर गेला की बंद. इलेक्ट्रॉनिक्सच्या निम्म्या वर्गाचे प्रोजेक्ट या ना त्या रूपात असेच होते. तो साधा होता याबद्दल मला आजही काही वाटत नाही. साध्या प्रोजेक्टवर उत्तम व्हायव्हा देणारी मुलं मी पाहिली आहेत.

आधी वेळेचं सांगते, कारण आमचा पहिला घोटाळा तिथे झाला. सादरीकरणाला दहा मिनिटं, डेमोला पाच आणि प्रश्नांना दहा, असं नोटिशीत होतं. आम्ही सव्वीस स्लाइड केल्या. पहिल्याने विषय, अनुक्रमणिका आणि प्रस्तावना घेतली. प्रस्तावनेत भारत हा कृषिप्रधान देश आहे, हे होतंच. दुसरीने, म्हणजे मी, आठ शोधनिबंधांचा तक्ता वाचून दाखवला: लेखक, वर्ष, पद्धत, उणीव. तिसऱ्याने ब्लॉक डायग्राम सुरू केला. तोवर सात मिनिटं होऊन गेली होती. मॅडम म्हणाल्या, "हे सगळं ठीक आहे. तुम्हाला मिळालं काय, ते दाखवा." निकालाचा आलेख एकोणिसाव्या स्लाइडवर होता. तिसरा बिचारा एकेक स्लाइड पुढे ढकलत गेला, दोनदा पुढे निघून गेला, परत आला. आलेख पडद्यावर आला तेव्हा चौथीने बोलायचं होतं. ती गोंधळली आणि तिने पाठ केलेलं पहिल्या वाक्यापासून सुरू केलं.

सराव आम्ही केला होता, पण हॉस्टेलच्या खोलीत, एकमेकांसमोर, कुणी मध्ये न बोलता. तो बरोबर दहा मिनिटांत बसायचा. खऱ्या व्हायव्हात दहा मिनिटं सलग कधीच मिळत नाहीत. परीक्षक मध्येच विचारतात, तारेत पाय अडकून प्रोजेक्टर बंद पडतो, बोलणारा बदलताना प्रत्येक वेळी पंधरा-वीस सेकंद जातात. त्यातून एक्स्टर्नलला दिवसात दहा-बारा ग्रुप संपवायचे असतात. सकाळच्या पहिल्या ग्रुपवर अर्धा तास गेला, की त्याची वसुली दुपारच्या ग्रुपांकडून होते. दहा मिनिटांचं काटेकोर भाषण तयार केलं, तर ते अपुरं राहणार हे जवळपास ठरलेलंच आहे.

तोच प्रोजेक्ट आज मांडायचा झाला तर मी आठ मिनिटांचा करीन, आणि निकाल चौथ्या मिनिटाच्या आत पडद्यावर आणीन. पहिल्या मिनिटात: निफाडकडच्या एका शेतात टोमॅटोच्या दोन सऱ्या घेतल्या, एकीला नेहमीसारखं पाणी, दुसरीला आमच्या यंत्राने, आठवडाभर पाणी मोजलं, हा फरक आला. इतकंच. कृषिप्रधान देश नको, वाढती लोकसंख्या नको. पुढची दोन मिनिटं मोजलं कसं, याची. मग आलेख, आणि आलेखावर दोन मिनिटं थांबायचं: हा अक्ष कशाचा, हा खड्डा का पडला, इथे पंप कधी चालू झाला. ब्लॉक डायग्राम यानंतर. आता ऐकणाऱ्याला तो कशासाठी पाहायचा हे माहीत असतं, म्हणून त्यातला प्रत्येक चौकोन समजावत बसावं लागत नाही. जे दोन निर्णय खरोखर आपण घेतले, तेवढे सांगितले की पुरे. शेवटच्या मिनिटात काय सिद्ध झालेलं नाही ते सांगायचं. शोधनिबंधांचा तक्ता "धन्यवाद"च्या स्लाइडनंतर ठेवायचा. मागितला तर दाखवायचा.

त्या शेवटच्या स्लाइडच्या मागे आणखी काय असावं? आमच्या प्रोजेक्टपुरतं बोलायचं तर पूर्ण सर्किट, सेन्सर कसा जुळवून घेतला त्याचा तक्ता, खर्च, आणि न गाळलेली मूळ वाचनं. प्रत्येक स्लाइडला क्रमांक द्यावा. परीक्षक म्हणतात, "नववी दाखवा." पॉवरपॉइंट चालू असताना ९ टाइप करून एंटर दाबलं की थेट नववी येते. हे आम्हाला ठाऊक असतं, तर तिसऱ्याची ती धावपळ टळली असती.

शिवाय छोटी आवृत्ती आधी ठरलेली हवी. "दोन मिनिटांत आटपा" असं कुणी म्हणालं, तर कोणत्या तीन स्लाइड दाखवायच्या हे चौघांनाही माहीत असावं: सऱ्यांची मांडणी, आलेख, उणिवा. आम्ही हे ठरवलं नव्हतं, म्हणून सगळं तेवढंच, पण दुप्पट वेगाने बोललो.

आता त्या ४० टक्क्यांकडे येते. खरं तर ते दोन होते आणि दोन्हींवर आम्ही पडलो.

मॅडमनी विचारलं, "ही बचत कशाच्या तुलनेत?" मी म्हणाले, पारंपरिक पद्धतीच्या. "म्हणजे?" म्हणजे पाटाने दिलेल्या पाण्याच्या. शेत आमच्यातल्या एकाच्या काकांचं होतं. त्यांच्या सरीला पाटाने अंदाजे १००० लिटर गेलं, आमच्या सरीला ६०० लिटर. बाकीचा हिशोब सरळ होता. मॅडमनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "तुमच्या सरीला ठिबक होतं ना? मग हे पाणी ठिबकमुळे वाचलं की तुमच्या सर्किटमुळे?"

तो प्रश्न मी आजतागायत कितीतरी ग्रुपांना विचारला आहे. पाटपाण्याच्या तुलनेत ठिबकने ३० ते ५० टक्के पाणी वाचतं, असं कुठल्याही कृषी पुस्तिकेत छापलेलं असतं. आमचे ४० टक्के त्याच्या बरोबर मधोमध बसतात. म्हणजे सर्किट काढून टाकलं असतं आणि काकांनी नुसता हाताने कॉक फिरवला असता, तरी हाच आकडा आला असता, असं कुणी म्हटलं तर आमच्याकडे प्रतिवाद नव्हता. आम्ही दोन गोष्टी एकदम बदलल्या होत्या आणि सगळं श्रेय त्यातल्या एकीला दिलं होतं. सर्किटचा वाटा कळायला हवा असेल तर दोन्ही सऱ्यांना ठिबकच हवं. एक काकांच्या नेहमीच्या वेळापत्रकावर, दुसरी सेन्सरवर. पुढे एम.ई.ला मी अशी मांडणी केली. फरक बराच लहान आला, आणि त्यातलाही मोठा भाग पावसाच्या दिवसांचा होता: वेळापत्रक पावसातही पाणी देत राहतं, सेन्सर देत नाही. तो छोटा आकडा मला व्हायव्हात नीट सांगता आला, कारण तो कुठून आला हे मला ठाऊक होतं.

त्या दिवशी मी काय म्हणायला हवं होतं? "मॅडम, आमच्या मांडणीत हे दोन वेगळे करता येत नाहीत. वेगळे करायला दोन्ही सऱ्यांना ठिबक हवं होतं, ते आम्ही केलं नाही." दोन वाक्यं. त्याऐवजी मी म्हणाले, "मॅडम, दोन्हींमुळे." त्यावर "किती किती?" हा प्रश्न येणारच होता, आणि आलाही.

दुसरे ४० टक्के पंप चालू होण्याचे. "चाळीस टक्के ओलावा म्हणजे कशाचे चाळीस टक्के?" इथे आम्हाला प्रश्नच कळला नाही. ओलावा म्हणजे ओलावा, फोनवर आकडा दिसतोय की. तो आकडा कोडमधल्या या एका ओळीतून येत होता:

```
int m = map(raw, 2800, 1200, 0, 100);
```

सेन्सर हवेत धरला की साधारण २८०० वाचन येई, ग्लासभर पाण्यात बुडवला की १२००. हवेला आम्ही शून्य म्हटलं, पाण्याला शंभर, आणि मधली रेघ सरळ ओढली. म्हणजे आमचे ४० टक्के हे हवेपासून पाण्याच्या ग्लासापर्यंतच्या वाटेचे ४० टक्के होते. त्यात माती कुठेच नव्हती. मातीतल्या पाण्याचा टक्का हवा असेल तर माती तोलावी लागते. १०० ग्रॅम ओली माती घ्यायची, ओव्हनमध्ये १०५ अंशांवर २४ तास वाळवायची, पुन्हा तोलायची. समजा ७८ ग्रॅम भरली. पाणी २२ ग्रॅम, कोरडी माती ७८, म्हणजे वजनाने २८ टक्के. वेगवेगळ्या ओलाव्याच्या पाच-सहा नमुन्यांवर हे करायचं, प्रत्येक नमुन्यात सेन्सरचं वाचन घ्यायचं आणि दोन्ही एका आलेखावर मांडायचे. ओव्हन आमच्याच कॉलेजात सिव्हिलच्या माती प्रयोगशाळेत होता. आमच्या वर्गापासून दोन मजले खाली.

मॅडमनी आणखी एक विचारलं, ते मला फार आवडलं, म्हणजे नंतर आवडलं. "निफाडकडची माती काळी ना? सुकली की काय होतं तिचं?" आमच्यातला शेतकऱ्याचा मुलगा लगेच म्हणाला, "भेगा पडतात." "मग सेन्सरचं काय होतं?" तो गप्प झाला. काळी माती सुकताना आकसते आणि सेन्सरच्या पट्टीपासून सुटते, मधल्या फटीत हवा शिरते. सेन्सरला हवा लागली की तो कोरडं सांगणार, माती प्रत्यक्षात तेवढी कोरडी नसली तरी. मग पंप गरजेपेक्षा आधी चालू होणार. या मुलाने अशा भेगा लहानपणापासून पाहिल्या होत्या. उत्तराच्या दोन्ही बाजू त्याच्याकडे होत्या, फक्त त्या जोडून पाहिल्या नव्हत्या. इंग्रजीत बोलायचं दडपणही होतं. आम्ही इंग्रजीत पाठ केलं होतं आणि पाठ केल्याबाहेरचं सगळं आमच्या तोंडून निघेनासं झालं होतं. तो "सर, मराठीत सांगू का?" एवढं विचारू शकला असता. शेजारी बसलेले इंटर्नल सर नको म्हणाले नसते. मी परीक्षक असते तेव्हा कुणी असं विचारलं तर मला बरंच वाटतं, कारण मग मला त्याला काय येतं ते कळतं.

डेमोबद्दल थोडक्यात. पंप चालला, पण रिले टकटक करत राहिला. ओलावा ४० च्या आसपास गेला की वाचन ३९, ४१, ४०, ३९ असं थरथरायचं आणि प्रत्येक थरथरीला पंप चालू-बंद व्हायचा. हे आम्हाला आठवडाभर आधी दिसलं होतं. "त्या वेळी कुंडीत जास्त पाणी घालू, म्हणजे आकडा ४० जवळ येणार नाही," असं आम्ही ठरवलं. उपाय दोन ओळींचा होता:

```
if (m < 35) pump = true;
else if (m > 45) pump = false;
```

३५ च्या खाली चालू, ४५ च्या वर बंद, मधल्या पट्ट्यात जसं असेल तसं राहू दे. ती टकटक ऐकून मॅडमनी विचारलं, "हे का होतंय?" आणि आम्ही म्हणालो, लूज कनेक्शन. लूज कनेक्शन हे इलेक्ट्रॉनिक्सच्या विद्यार्थ्याचं शेवटचं आश्रयस्थान. तेही खोटं. मॅडमनी सेन्सरची वायर हलवून पाहिली, काहीच फरक पडला नाही. पुढचे सगळे प्रश्न जरा अधिक थंड आवाजात आले, आणि ते योग्यच होतं.

असाच एक प्रसंग खतांचा. "ठिबकमधून विद्राव्य खतं सोडतात. त्या क्षारांचा सेन्सरवर परिणाम होतो?" चौथी ठामपणे म्हणाली, "नाही, तो कपॅसिटिव्ह आहे." हे चूक आहे. रेझिस्टिव्ह सेन्सरपेक्षा त्याला क्षारांचा त्रास कमी होतो, त्याच्या पट्ट्या गंजतही नाहीत. पण आमच्यासारख्या स्वस्त, कमी फ्रिक्वेन्सीच्या कपॅसिटिव्ह सेन्सरचं वाचन क्षारांनी हलतं. तिला माहीत नव्हतं, यात वाईट काही नव्हतं. "तपासलं नाही. तपासायचं तर एकाच मातीच्या दोन कुंड्यांत सारखंच पाणी घालीन, एकीत साधं, दुसरीत खताचं, आणि वाचनं ताडून पाहीन," एवढं म्हटलं असतं तर मी परीक्षक म्हणून पूर्ण गुण दिले असते. नुसतं "माहीत नाही" म्हटलं तर काही गुण जातात, ठाम चूक सांगितली तर जास्त जातात, आणि "कसं शोधता येईल" हे सांगितलं तर बहुतेक वेळा काहीच जात नाही.

या सगळ्यानंतर एम.ई.च्या व्हायव्हाला मी इतकी तयारी केली, की उलट्या बाजूने पडले. सत्तरेक प्रश्न लिहून काढले होते, प्रत्येकाचं पानभर उत्तर. परीक्षकांनी साधं विचारलं, "वाचनं स्थिर कशी केलीत?" उत्तर होतं: शेवटच्या दहा वाचनांची सरासरी. तिथे थांबायचं. मी थांबले नाही. सरासरीचे फायदे सांगितले, तोटे सांगितले, आणि वर म्हणाले, "कालमन फिल्टरही वापरता आला असता." ते म्हणाले, "बरं, मग त्यात Q आणि R काय घेतले असते?" Q म्हणजे आपल्या मॉडेलवरचा अविश्वास, R म्हणजे सेन्सरवरचा अविश्वास, इतकं आज मी झोपेत सांगेन. तेव्हा मला फक्त फिल्टरचं नाव माहीत होतं. मीच त्यांच्या हातात प्रश्न दिला होता. उत्तरात टाकलेला प्रत्येक मोठा शब्द पुढच्या प्रश्नाचं आमंत्रण असतो, हे मी आता माझ्या ग्रुपांना सरावाच्या वेळी दाखवूनच देते: ते जो शब्द उगाच वापरतात, त्याचीच व्याख्या विचारते.

उत्तराची लांबी सांगायला एक उदाहरण पुरेल. "ईएसपी३२ का, उनो का नाही?" हा हमखास प्रश्न. आमचं उत्तर दोन्ही बोर्डांच्या इतिहासातून निघून किमतीपर्यंत गेलं. पुरेसं उत्तर असं: "फोनवर वाचन पाहायचं होतं. ईएसपी३२ मध्ये वाय-फाय आतच आहे, उनोला वेगळं मॉड्यूल जोडावं लागलं असतं." मग गप्प. परीक्षकांना आणखी हवं असेल तर ते विचारतील, तेव्हा एडीसी १२ बिटचा आहे आणि उनोचा १० बिटचा, हे सांगता येतं. त्यांनी खोदलंच, तर ईएसपी३२ चा एडीसी दोन्ही टोकांना सरळ रेषेत वागत नाही, ही उणीवही आपणच सांगावी. उत्तर संपल्यावरची शांतता मुलांना सहन होत नाही आणि ती भरायला जातात. बऱ्याच वेळा परीक्षक त्या शांततेत फक्त गुण लिहीत असतो.

प्रश्न कुठून येतात, हे टेबलाच्या पलीकडे बसल्यावर कळलं. माझ्यासमोर रिपोर्ट येतो आणि ग्रुप लॅपटॉप जोडत असतो, तेवढी दोन-तीन मिनिटं मला मिळतात. त्यात मी प्रस्तावना वाचत नाही. सारांशाचं शेवटचं वाक्य वाचते, निकालाचा तक्ता उघडते आणि तिथले आकडे पाहते. गोल आकडा दिसला की थांबते. म्हणून संभाव्य प्रश्नांच्या याद्या पाठ करण्यापेक्षा मुलांना मी त्यांचाच रिपोर्ट घेऊन बसवते. पेन्सिलीने प्रत्येक आकड्याभोवती आणि प्रत्येक घटकाच्या नावाभोवती गोल काढायचा. प्रत्येक गोलाला तीन प्रश्न: हा कुठून आला, कशाच्या तुलनेत, आणि वेगळा घेतला असता तर काय झालं असतं. उत्तर ज्याने ते काम केलं नाही त्याने द्यायचं.

हा शेवटचा नियम आमच्याच ग्रुपमुळे आला. सेन्सर आधी जीपीआयओ २५ वर जोडला होता. फोनचा भाग घातल्यावर वाचनं बिघडली, म्हणून ज्याच्याकडे जोडणीचं काम होतं त्याने वायर ३४ वर हलवली, आणि सगळं चालू झालं. मॅडमनी नेमकं मला विचारलं, "३४ च का?" मी म्हणाले, "मॅडम, २५ वर चालत नव्हतं." आणि जोडणीवाल्याकडे पाहिलं. तोही तेवढंच म्हणाला. कारण सरळ होतं: २५ ही एडीसी२ ची पिन आहे, आणि वाय-फाय चालू असताना एडीसी२ वर वाचन घेता येत नाही, ३४ ही एडीसी१ ची आहे. डेटाशीटमध्ये शोधायला दहा मिनिटं लागली असती. सर्किटमध्ये जी गोष्ट अडली आणि जुगाड करून सुटली, तिचं कारण व्हायव्हाआधी शोधून ठेवावं. असे बदल ग्रुपच्या लॉगबुकात तारखेसह लिहिलेले असतील तर तेच पाहून प्रश्नांची अर्धी तयारी होते. आमचं लॉगबुक शेवटच्या आठवड्यात एकाच पेनाने लिहिलेलं होतं.

भविष्यातील व्याप्तीच्या स्लाइडवर आम्ही सौरऊर्जा, मोबाइल अॅप आणि हवामानाचा अंदाज असं लिहिलं होतं. मॅडमनी ती न बोलता पुढे ढकलली. आता त्या जागी मी मुलांकडून एकच चाचणी लिहून घेते: ती केली असती तर त्यांचा निष्कर्ष बदलू शकला असता, अशी. आमच्या बाबतीत ती म्हणजे दोन्ही सऱ्यांना ठिबक.

आणि एक गोष्ट, जी आम्ही जाणूनबुजून केली. रिपोर्ट बांधून आल्यावर आदल्या रात्री चौथीच्या लक्षात आलं की आलेखाच्या उभ्या अक्षावर "ओलावा %" छापलंय, पण रेघ मूळ वाचनाची आहे, २८०० ते १२००. त्यामुळे पाणी दिल्यावर रेघ वर जायच्या ऐवजी खाली जाताना दिसत होती. आम्ही बराच वेळ चर्चा केली आणि गप्प बसायचं ठरवलं; कोण एवढं बघतंय. मॅडमनी पाहिलं. त्यांचा पहिला अर्थ असा झाला की आम्ही आलेख दुसरीकडून उचलला आहे, आणि तो आमचाच आहे हे पटवण्यात प्रश्नांच्या वेळेतला मोठा भाग गेला. आता माझ्या ग्रुपना अशी चूक सापडली, तर प्रत्येक प्रतीत पहिल्या पानापाशी एक चिठ्ठी असते: पान ४१, आकृती ५.३, उभ्या अक्षावर "सेन्सरचं मूळ वाचन" असं वाचावं, वाचन कमी म्हणजे ओलावा जास्त. आणि आलेखाची स्लाइड आली की बोलणारा आधी हेच वाक्य म्हणतो, मग बाकीचं.